एकच व्हॉट्सॲप दोन फोनवर: दुसरा फोन जोडल्यावर काय चालतं आणि काय बंद पडतं

बडोद्यातल्या मराठी घरांमधून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कुणाचं दांडिया बाजारात दुकान आहे आणि ऑर्डरी आईच्या नंबरावर येतात, कुणाचे वडील रावपुऱ्यात एकटे राहतात आणि लेकीला त्यांचे मेसेज पुण्याहून बघायचे असतात, तर कुणी नुसताच एक फोन ऑफिसात आणि एक घरी ठेवतो. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत. उत्तर आधीच कुठे आलं असेल तर तिथे त्या प्रश्नाचा नंबर दिला आहे.

१. माझंच व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवरही चालेल का? की पहिल्यावरचं बंद होईल?

दोन्हीकडे चालेल, पण दुसरा फोन ‘जोडायला’ हवा. त्यावर नंबर टाकून नव्याने सुरू करायचं नाही. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. दुसऱ्या फोनवर ॲप उघडून आपला नंबर टाकला आणि एसएमएसने आलेला सहा आकडी कोड भरला, की व्हॉट्सॲप समजतं की तुम्ही फोन बदलला. पहिल्या फोनवरचं खातं लगेच बाहेर पडतं आणि आधी जोडलेले कॉम्प्युटर वगैरेही सुटतात.

जोडलेला फोन म्हणजे त्याच खात्याचा सोबती. ही सोय फोनसाठी एप्रिल २०२३ मध्ये आली. त्याआधी फक्त कॉम्प्युटर जोडता यायचा. पहिला फोन, म्हणजे ज्यावर नंबर एसएमएसने पडताळला आहे तो, मुख्य फोन राहतो. बाकीचे सगळे त्याच्या परवानगीवर चालतात. थोडक्यात, दुसऱ्या फोनवर एसएमएसचा कोड मागितला जात असेल तर तुम्ही चुकीच्या वाटेवर आहात. तिथेच थांबा आणि मागे या.

२. जोडायचं कसं? मला तो पर्याय सापडतच नाही.

दुसऱ्या फोनवर व्हॉट्सॲप टाका, भाषा निवडा आणि “Agree and continue” दाबा. मग नंबर मागणारं पान येतं. इथे नंबर टाकायचा नाही. अँड्रॉइडवर याच पानाच्या वरच्या कोपऱ्यात तीन ठिपके असतात. ते दाबलं की “Link as companion device” दिसतं. ते निवडलं की स्क्रीनवर क्यूआर कोड येतो.

आता मुख्य फोन हातात घ्या. तीन ठिपके, मग “Linked devices”, मग “Link a device”. मुख्य फोन आयफोन असेल तर “Linked devices” सेटिंग्जमध्ये मिळेल. बोटाचा ठसा किंवा स्क्रीनचं लॉक विचारलं जाईल, ते द्या आणि कॅमेरा दुसऱ्या फोनवरच्या कोडावर धरा.

यानंतरची काही मिनिटं घाई करू नका. मुख्य फोन आपल्याकडच्या गप्पा दुसऱ्या फोनकडे पाठवत असतो. तोवर दोन्ही फोनवर ॲप उघडं असू द्या आणि दोघांनाही चांगलं वायफाय असू द्या. कोड धरूनही जोडणी होत नसेल तर दोन गोष्टी बघा. एक, दोन्ही फोनवरचं ॲप अद्ययावत आहे का. दोन, जुन्या पडून असलेल्या फोनची तारीख आणि वेळ बरोबर आहे का. वेळ चुकलेली असेल तर जोडणी नाकारली जाते आणि स्क्रीनवरच्या संदेशावरून कारण कळतच नाही.

३. दुसऱ्या फोनमध्ये सिम लागतं का? आणि मुख्य फोन सतत चालू ठेवावा लागतो का?

दुसऱ्या फोनमध्ये सिम लागत नाही, नुसत्या वायफायवर तो चालतो. मुख्य फोन बंद असला, चार्जिंग संपलं, आई गाडीत बसून नेटवर्कबाहेर गेली, तरी दुकानातल्या फोनवर मेसेज येत-जात राहतात. मेसेज पाठवणाऱ्याचा फोन तुमच्या प्रत्येक जोडलेल्या फोनसाठी त्याची वेगळी कुलूपबंद प्रत थेट पाठवतो. ती मुख्य फोनमधून फिरून येत नाही.

पण याला मुदत आहे. मुख्य फोन १४ दिवसांहून जास्त काळ वापरला गेला नाही, तर जोडलेले सगळे फोन आणि कॉम्प्युटर आपोआप बाहेर पडतात. दुसऱ्या बाजूने, जोडलेला फोन ३० दिवस कुणी उघडलाच नाही तर तोही सुटतो. मुख्य फोन घरी कपाटात ठेवून देणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा तो चालू करावा, वायफायला लावावा आणि व्हॉट्सॲप उघडून मिनिटभर थांबावं. रविवारी सकाळी करायचं असं एकदा ठरलं की विसरायला होत नाही.

४. मुख्य फोन फुटला आहे, दुसऱ्यावर सगळं नीट चालू आहे. मग दुरुस्तीची घाई कशाला?

कारण तुमचे १४ दिवस मोजायला सुरुवात झाली आहे. दांडिया बाजारात घरून फराळ विकणाऱ्या एका काकूंचं उदाहरण तारखांसकट सांगतो, कारण त्यात या सोयीचे बहुतेक काने-कोपरे येतात.

काकूंचा मुख्य फोन दसऱ्याच्या संध्याकाळी हातातून पडला आणि स्क्रीन काळी झाली. दुकानात पुतण्याकडे जोडलेला फोन होता, त्यावर चकली-चिवड्याच्या ऑर्डरी येतच राहिल्या. म्हणून दुरुस्ती ‘दिवाळी झाल्यावर बघू’ म्हणून बाजूला पडली. दसरा ते लक्ष्मीपूजन साधारण वीस दिवस, आणि चौदा दिवस त्याच्या आत संपतात. वसुबारसेच्या सकाळी पुतण्याने फोन उघडला, तर व्हॉट्सॲपचं अगदी पहिलं स्वागताचं पान समोर. ऑर्डरी त्या फोनवरून गेल्या होत्या आणि फराळाचं पीठ भिजवलेलं होतं.

पुतण्याच्या मनात आलं की काकूंचं सिम या फोनमध्ये घालावं, नंबर टाकावा आणि सुरू करावं. ते झालंही असतं. पण मग काय हाती लागलं असतं? गूगल ड्राइव्हवरची बॅकअप मुख्य फोनने घेतलेली शेवटची, म्हणजे दसऱ्याच्या पहाटेची. त्यानंतरच्या दोन आठवड्यांचे मेसेज जोडलेल्या फोनवर होते आणि जोडलेल्या फोनची बॅकअप कधीच होत नाही. म्हणजे दिवाळीच्या जवळजवळ सगळ्या ऑर्डरी गेल्या असत्या.

पण त्या दुसऱ्या एका जागी अजून होत्या. जो फोन नेटवर्कवर नाही, त्याच्यासाठीचे न पोचलेले मेसेज व्हॉट्सॲपचा सर्व्हर ३० दिवस धरून ठेवतो. काकूंच्या फुटलेल्या फोनसाठीची प्रत तशीच थांबली होती. मात्र ती त्याच फोनमधल्या किल्लीने उघडते. दुसऱ्या फोनवर नंबर नव्याने पडताळला की किल्ली बदलते आणि थांबलेले मेसेज उघडतीलच याची खात्री राहत नाही.

म्हणून आधी स्क्रीन बदलून घेतली. फोन चालू करून वायफायला लावला आणि ॲप उघडून ठेवलं. पंधरा दिवसांचे मेसेज एकामागून एक उतरले, पुतण्याने दुकानातून पाठवलेली उत्तरंसुद्धा. मग लगेच बॅकअप घेतली, दुकानातला फोन प्रश्न २ प्रमाणे पुन्हा जोडला आणि ऑर्डरी वहीत उतरवल्या.

यातून लक्षात ठेवायचे आकडे दोनच. जोडलेला फोन चालतो १४ दिवस. सर्व्हर मेसेज सांभाळतो ३० दिवस. स्क्रीन गेली असेल तर या दोन्हींच्या आत ती बदला, आणि तोवर नंबर दुसरीकडे पडताळू नका. फोन चोरीला गेला असेल किंवा पाण्यात बुडून बोर्ड गेला असेल, तर मात्र तो परत येणारच नाही. मग जोडलेला फोन चालू आहे तोवर महत्त्वाचे पत्ते, रकमा, तारखा कागदावर उतरवून घ्या आणि त्यानंतर नंबर नव्या फोनवर सुरू करा.

५. जोडलेल्या फोनलाच मुख्य करता येतं का?

बटण दाबून नाही. मुख्य व्हायचं म्हणजे त्या फोनवर नंबर एसएमएसने पडताळायचा, आणि त्यासाठी आधी तिथली जोडणी सोडावी लागते. जोडणी सोडली की त्या फोनवरच्या गप्पा पुसल्या जातात. म्हणून आधी जुन्या मुख्य फोनवर “Settings”, “Chats”, “Chat backup” इथे जाऊन ताजी बॅकअप घ्या आणि ती पूर्ण झाल्याची वेळ स्क्रीनवर बघा. मगच दुसऱ्या फोनवर जोडणी सोडून नंबर टाका आणि बॅकअप परत आणा. अँड्रॉइडवर त्यासाठी दोन्हीकडे एकच गूगल खातं हवं. दोन-टप्पी पडताळणीचा पिन ठेवला असेल तर तोही विचारला जाईल. तो आईला आठवतो का, हे आधी विचारून घ्या.

६. जुने मेसेज दुसऱ्या फोनवर अर्धेच का दिसतात? आणि काही ठिकाणी “Waiting for this message” का येतं?

जोडताना मुख्य फोन अलीकडच्या काळातल्या गप्पांची प्रत पाठवतो, सगळा इतिहास नाही. पाच वर्षांपूर्वीच्या लग्नाचे फोटो शोधायचे तर मुख्य फोनच उघडायचा. जुने फोटो दुसऱ्या फोनवर धूसर चौकोन म्हणून दिसतात आणि दाबल्यावर उतरत नाहीत, तेव्हाही उपाय तोच.

“Waiting for this message” दिसलं म्हणजे मेसेज आला आहे, पण या फोनसाठीची किल्ली जुळलेली नाही. मुख्य फोनवर व्हॉट्सॲप उघडा, शक्य असेल तर पाठवणाऱ्यालाही त्याचं ॲप उघडायला सांगा. बहुतेक वेळा मजकूर आपोआप उघडतो. नाहीच उघडला तर पुन्हा पाठवायला सांगणं सरळ. त्यासाठी ॲप काढून टाकू नका, नाहीतर सगळी जोडणी पुन्हा करत बसावं लागेल.

७. दुसऱ्या फोनवर नेमकं काय चालत नाही?

रोजच्या वापरातलं बरंचसं चालतं. मेसेज, फोटो, ग्रुप, व्हॉइस मेसेज, व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल. अडतं ते थोडक्याच जागी, पण दुकानदारांना नेमक्या त्याच लागतात.

सगळ्यात जास्त तक्रार लाइव्ह लोकेशनची. गिऱ्हाईक म्हणतं ‘मी लाइव्ह लोकेशन टाकलंय, त्यावर या’, आणि डिलिव्हरीला निघालेल्या पोराच्या जोडलेल्या फोनवर ते उघडत नाही. ते फक्त मुख्य फोनवर दिसतं. गिऱ्हाईकाला साधं लोकेशन, म्हणजे एका जागेची खूण, पाठवायला सांगा. ती दोन्हीकडे उघडते. मांडवीच्या पोळांमध्ये घर शोधायचं असेल तर त्या खुणेबरोबर जवळच्या मंदिराचं किंवा दुकानाचं नाव लिहायला सांगा.

दुसरी ब्रॉडकास्ट लिस्ट. ‘आज ताजी भाकरवडी तयार’ असा एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवण्यासाठी जी यादी असते, ती जोडलेल्या फोनवर बनवता येत नाही आणि मुख्य फोनवर बनवलेली तिथे दिसतही नाही. हे काम मुख्य फोनवरून करायचं. यादी चालू आहे, पण काही लोकांना मेसेज मिळतच नाही, अशी तक्रार असेल तर दुसऱ्या फोनचा तिच्याशी संबंध नाही. ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला नाही, त्यांना ब्रॉडकास्ट पोचत नाही.

तिसरं, व्हॉट्सॲपमधून पैसे पाठवणं. यूपीआय बँकेच्या नोंदीतल्या सिमशी आणि त्या एका फोनशी बांधलेलं असतं, म्हणून व्हॉट्सॲप जोडलं तरी पैसे पाठवायची सोय सोबत येत नाही. दुकानात लावलेल्या क्यूआर पाटीवर पैसे येत राहतील, तिचा या जोडणीशी काही संबंध नाही.

बाकी उरतात खात्याच्या मालकीची कामं: नंबर बदलणं, खातं बंद करणं, बॅकअप घेणं, आणखी एखादा फोन जोडणं. ही मुख्य फोनवरच होतात आणि ते योग्यच आहे, नाहीतर दुकानातला कुणीही तुमचं खातं हलवू शकला असता. कुणी ‘एकदाच पाहा’ असा फोटो पाठवला तर तोही मुख्य फोनवरच उघडायचा असं धरून चाला.

८. कॉल आला की दोन्ही फोन वाजतात. हे बंद करता येतं का?

कॉल खात्याला येतो, म्हणून सगळे जोडलेले फोन वाजतात. एकाने उचलला की बाकीचे थांबतात. एखाद्या फोनवर आवाज नको असेल तर त्या फोनच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये जाऊन व्हॉट्सॲपच्या सूचना बंद करा. त्या फोनपुरत्याच बंद होतात. व्हॉट्सॲपच्या आत एखादी गप्पा ‘म्यूट’ केली तर मात्र ती दोन्हीकडे गप्प होते, हा फरक लक्षात असू द्या.

९. दुकानातल्या मुलाला फक्त ऑर्डरीच दिसाव्यात, घरच्या गप्पा नाहीत. असं करता येतं का?

नाही. जोडलेला फोन पूर्ण खातं दाखवतो. ‘इतक्याच गप्पा दाखव’ अशी सोय नाही. सुनेशी झालेलं बोलणं, डॉक्टरांनी पाठवलेले रिपोर्ट, सोसायटीतले वाद, सगळं त्या काउंटरवरच्या फोनवर उघडं असतं. शिवाय मुलाने मेसेज उघडला की समोरच्याला निळ्या खुणा दिसतात आणि त्याला वाटतं तुम्हीच वाचला. कुणी उत्तर दिलं हेही समोरून कळत नाही. ‘वहिनी, तुम्हीच तर हो म्हणालात’ अशा भांडणांचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

माझं ठाम मत आहे की पगारी माणसाच्या हातात घरचा नंबर जोडून देऊ नये. धंद्यासाठी वेगळं सिम घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करा आणि दुकानातला फोन त्याला जोडा. जोडणीची सोय तिथेही आहे. घरच्याच माणसाला द्यायचा असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही ज्यांचं खातं आहे त्यांना आधी विचारा. वडिलांच्या काळजीपोटी त्यांना न सांगता त्यांचा फोन आपल्या फोनला जोडणाऱ्या मुलामुलींनाही हेच सांगेन.

१०. दुसऱ्या फोनवर आधीच माझा वेगळा नंबर चालू आहे. तरी जोडता येईल का?

जोडणीचा पर्याय नंबर टाकायच्या पानावर असतो, आणि चालू व्हॉट्सॲपमध्ये ते पान समोर नसतं. म्हणून चालू असलेलं ॲप पुसू नका. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये एकाच ॲपची दुसरी, स्वतंत्र प्रत बनवायची सोय असते. शाओमीच्या फोनवर तिला “Dual apps” म्हणतात, सॅमसंगवर “Dual Messenger”. त्या नव्या प्रतीत प्रश्न २ प्रमाणे जोडा. वेगळ्या ठिकाणाहून उतरवलेली, नावात ‘जीबी’ वगैरे लावलेली ॲप या कामासाठी घेऊ नका. ती व्हॉट्सॲपची नाहीत आणि त्यांच्यामुळे खातं बंद होऊ शकतं.

११. एकूण किती फोन जोडता येतात?

मुख्य फोन सोडून चार. त्यात कॉम्प्युटर आणि टॅबलेटही मोजले जातात.

१२. जोडलेला फोन हरवला. आता काय करू?

मुख्य फोनवर “Linked devices” उघडा, यादीत तो फोन दाबा आणि “Log out” करा. हरवलेल्या फोनच्या शोधाला लागण्याआधी हे करा, मिनिटभराचं काम आहे. नंबर बदलायची किंवा सिम बंद करायची गरज नाही, कारण सिम मुख्य फोनमध्येच आहे. मुख्य फोनच हरवला असेल तर प्रश्न ४ चा शेवट पाहा, आणि सिम आधी बंद करून त्याच नंबराचं नवं सिम घ्या.

१३. “Linked devices” मध्ये मी न जोडलेला फोन दिसतोय. हे कसं झालं?

दोन वाटा असतात. एक, कुणीतरी तुमचा उघडा फोन दोन मिनिटं हातात घेऊन कोड धरला. दुसरी जास्त चलाख आहे. क्यूआरऐवजी आठ अक्षरांचा कोड टाकूनही जोडता येतं. ठग तुमचा नंबर आपल्याकडे टाकतो आणि कोड तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये भरायला लावतो. ‘मतदानाची लिंक’, ‘बक्षीस’, ‘फोटो बघायचा असेल तर हा कोड टाका’ असं काहीतरी सांगून. इथे ओटीपी मागितला जात नाही आणि तुमचा फोनही बंद पडत नाही, म्हणून दिवसचे दिवस पत्ता लागत नाही. तुमच्या नावाने पैसे मागणारे मेसेज नातेवाइकांना जायला लागले की मग कळतं.

अनोळखी फोन दिसला की लगेच “Log out” करा. यादीत प्रत्येक फोन शेवटचा कधी वापरला गेला ती वेळ दिसते, तिचा फोटो काढून ठेवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. आणि ज्येष्ठांच्या फोनवर ही यादी महिन्यातून एकदा त्यांच्यासमोर बसून बघा.

१४. सिम फोनमध्ये नसेल तर व्हॉट्सॲप बंद होणार, असं ऐकलं. मग जोडलेल्या फोनचं काय?

हे २८ नोव्हेंबर २०२५ च्या दूरसंचार विभागाच्या निर्देशाबद्दल आहे. ज्या नंबरावर खातं आहे त्याचं चालू सिम फोनमध्ये असल्याशिवाय मेसेजिंग ॲप चालू नये, आणि वेब आवृत्ती जास्तीत जास्त सहा तासांनी बाहेर पडून क्यूआरने पुन्हा जोडावी लागावी, असं त्यात म्हटलं आहे.

ज्यांचं सिम मुख्य फोनमध्येच आहे, त्यांना मुख्य फोनची चिंता नाही. अडचण आहे ती सिम काढून बटणांच्या साध्या फोनमध्ये घालणाऱ्यांची आणि स्मार्टफोन नुसत्या वायफायवर चालवणाऱ्यांची. आपल्याकडे अनेक आजी-आजोबा असंच करतात. त्यांचं सिम स्मार्टफोनमध्ये परत घाला, आणि साध्या फोनसाठी हवं तर दुसरं सिम घ्या. जोडलेला फोन किंवा कॉम्प्युटर वारंवार बाहेर पडू लागला तर आधी मुख्य फोनमध्ये सिम आहे का आणि ते चालू आहे का ते बघा, मग १४ दिवसांचा हिशेब, म्हणजे प्रश्न ३. मुख्य फोन पुण्याला मुलीकडे आणि जोडलेला फोन बडोद्यात असेल, तर पुन्हा जोडण्यासाठी क्यूआरचा स्क्रीनशॉट पाठवत बसू नका, तो थोड्याच वेळात बदलतो. व्हिडिओ कॉल लावून बडोद्यातल्या फोनची स्क्रीन दाखवा आणि मुलीला मुख्य फोनच्या कॅमेऱ्याने तिथूनच कोड धरायला सांगा. त्यासाठी कॉल तिसऱ्याच फोनवर लावावा लागतो, तो आधी हाताशी ठेवा.